शहर बदललेल्या डाव्या कोपऱ्याला

कबड्डीत बचावाला सात जण उभे राहतात, पण एकटा कोणीच नसतो. डाव्या कोपऱ्यावरच्या खेळाडूचा हात त्याच्या शेजारच्याच्या हातात असतो. चढाईपटू आत आला की ही साखळी त्याच्याबरोबर सरकते, मागे होते, पुढे येते. कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्याने त्याच क्षणी धावून आधार द्यायचा. अर्धा क्षण उशीर झाला तर चढाईपटू दोघांना ओढत मध्यरेषेला हात लावतो आणि गुण घेऊन जातो. वर्षानुवर्षं असा हात धरून खेळलेली दोन माणसं एकमेकांशी फार बोललेलीच नसतात. बोलायची गरजच पडत नाही.

मग एकाला नोकरी लागते, तो नागपूरला किंवा बंगळूरला जातो, आणि या मैत्रीची खरी अडचण तिथे सुरू होते. ती बोलण्यावर नव्हे, एकत्र काही करण्यावर उभी होती, आणि आता करायला काहीच उरलेलं नसतं. ब्रिटनमध्ये सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबर या संशोधकांनी शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा दीड वर्ष मागोवा घेतला होता. मुलींची मैत्री गप्पांनी टिकली. मुलांची टिकली ती मुख्यतः एकत्र काही केल्याने, नुसत्या बोलण्याचा तिथे फारसा उपयोग दिसला नाही. नमुना तीसेक जणांचा, म्हणजे लहान होता, आणि प्रत्येक माणूस या साच्यात बसेल असंही नाही. पण मैदानावरच्या दोस्तीबद्दल मला हे पटतं.

म्हणूनच वाढदिवसाला संघाच्या ग्रुपवर टाकलेला केक आणि फुगे फारसं काही करत नाहीत. अशा वीस शुभेच्छांना तो एकच ‘सर्वांचे मनापासून आभार’ लिहितो आणि विषय संपतो. जुन्या सोबत्याला संदेश स्वतंत्र पाठवावा, आणि त्यात दोघांनी मिळून करायचं काहीतरी असावं. समजा, तो डावा कोपरा होता आणि तुम्ही त्याच्या शेजारी. मग असं लिहिता येईल:

‘भावा, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. सध्या संध्याकाळी मैदानावर पोरांचा सराव बघायला जातो. तुझ्या जागेवरचं पोरगं चपळ आहे, पण घाई करतं. चढाईवाला आत आला रे आला की झेप घेतं आणि हात लागून बाद होतं. तू थांबायचास. त्याने बोनससाठी पाय उचलला की माझा हात दाबायचास, मग मला कळायचं, आता. हे त्या पोराला कसं शिकवायचं? व्हिडिओ पाठवतोय, बघून ठेव. रविवारी सकाळी फोन करतो.’

यातला कणा बोनसचा आहे. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवताना चढाईपटूचा दुसरा पाय हवेत असतो. त्या क्षणी तो एका पायावर तोललेला असतो आणि कोपऱ्याला घोटा धरायची संधी मिळते. ही नजर फक्त त्याच्याकडे होती आणि ती तुम्हाला ठाऊक आहे. ‘तू भारी खेळायचास’ हे कोणीही लिहील. हात दाबण्याची खूण मात्र साखळीतल्या दोघांनाच माहीत असते. शिवाय प्रश्न खरा आहे. त्याला निव्वळ आठवणीत बसवून न ठेवता आजच्या संघाच्या कामाला लावतो.

फोनचा दिवस आणि वेळ सांगणंही महत्त्वाचं. ‘बोलू कधीतरी’ म्हटलं की ते बोलणं होत नाही. इतक्या महिन्यांनी अचानक फोन केला तर अवघडल्यासारखं होईल, अशी भीती बहुतेकांना असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी अमेरिकेत जुन्या ओळखीच्या माणसांशी लोकांना पुन्हा संपर्क साधायला लावलं, तेव्हा लिहिण्यापेक्षा आवाज ऐकून जवळीक जास्त वाटली, आणि अवघडलेपण मात्र वाढलं नाही.

काही गोष्टी टाळाव्यात. ‘आम्हाला विसरलास’ हा टोमणा प्रेमाचा असला तरी उत्तर देणाऱ्याला आधी सफाई द्यावी लागते. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटला असेल, तर त्याच्या शेवटच्या सामन्याचा व्हिडिओ वाढदिवसाला पाठवू नये. तो विषय त्याने काढला तरच बोलावं.

उत्तरात नुसतं ‘थँक्स भावा’ आलं, तर रविवारचा फोन तरीही करावा, कारण तो सांगितलेला आहे. त्याने उचलला नाही तर पाठीमागे लागू नये. त्या पोराने पहिला घोटा धरला की तो व्हिडिओ पाठवावा. आणि उत्तरात त्याने उलट विचारलं, ‘पोराचा पुढचा पाय कुठला असतो?’, तर लगेच मैदानावर जाऊन बघून यावं आणि त्याला कळवावं.