‘रेड हार्वेस्ट’: खुनी सापडतो, प्रकरण मिटत नाही

अमेरिकन लेखक डॅशिएल हॅमेट याची ‘रेड हार्वेस्ट’ ही कादंबरी आधी ‘ब्लॅक मास्क’ या मासिकात नोव्हेंबर 1927 ते फेब्रुवारी 1928 अशी चार भागांत आली आणि 1929 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. नुआर या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या काळोख्या गुन्हेकथेची ती सुरुवातीची आणि महत्त्वाची कादंबरी. तिच्यात तपास करणाराच गुन्ह्याच्या चिखलात उतरतो आणि शेवटी न्याय झाला असे कोणालाच छातीठोकपणे म्हणता येत नाही. हे नैतिक धूसरपण नुसत्या अंधाऱ्या वातावरणातून येत नाही. कथानकाच्या ठरावीक वळणांवर ते टप्प्याटप्प्याने रचले आहे.

कादंबरीचा निवेदक सॅन फ्रान्सिस्कोच्या काँटिनेंटल या गुप्तहेर संस्थेचा नोकर आहे. त्याचे नाव अखेरपर्यंत कळत नाही. समीक्षक त्याला ‘ऑप’ म्हणतात. पर्सनव्हिल या खाणींच्या गावातल्या वर्तमानपत्राचा तरुण मालक डोनाल्ड विल्सन त्याला बोलावून घेतो, पण भेट होण्याआधीच डोनाल्डचा खून होतो. हा खून कोणी केला, या प्रश्नावर पारंपरिक रहस्यकथेने दोनशे पाने काढली असती. हॅमेट तो पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच सोडवून टाकतो. बत्तीस बोअरच्या गोळ्या आणि बँकेने प्रमाणित केलेला पाच हजार डॉलरचा चेक या दोन धाग्यांवरून ऑप बँकेतल्या एका तरुण कारकुनापर्यंत पोचतो. डायना ब्रँड या स्त्रीवर त्याचे प्रेम होते; पैसे संपल्यावर तिने त्याला दूर केले होते. डोनाल्ड तो चेक घेऊन तिच्या घरी गेल्याचे पाहून मत्सराने त्याने गोळ्या झाडल्या. ज्या टोळ्यांवर सगळ्यांचा संशय होता, त्यांचा या खुनाशी संबंधच नव्हता.

म्हणजे कोडे सुटते आणि गाव होते तसेच राहते. व्यक्तीचा गुन्हा आणि गावाचा गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे वाचकाला इथे पहिल्यांदा जाणवते. पहिल्या गुन्ह्यासाठी पुरावा, कबुली आणि अटक पुरते. दुसऱ्याचा आरोपी कोण, हेच धड सांगता येत नाही.

पर्सनव्हिलची सगळी सूत्रे डोनाल्डच्या बापाकडे, वृद्ध एलिहू विल्सनकडे आहेत. खाण कंपनी, बँक आणि वर्तमानपत्रे त्याची. राजकारणीही त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. 1921 मध्ये खाणकामगारांनी संप केला, तेव्हा तो मोडण्यासाठी त्याने बाहेरून गुंड आणले. संप चिरडला गेला, पण गुंड परत गेले नाहीत. जुगार, चोरटी दारू आणि चोरीच्या मालाचा धंदा त्यांनी आपसांत वाटून घेतला आणि पोलिसप्रमुख नूनन त्यात भागीदार झाला. घरात शिरलेल्या एका माणसावर गोळी झाडण्याची वेळ येते, त्या रात्री घाबरलेला एलिहू गाव साफ करण्यासाठी ऑपला दहा हजार डॉलर देऊ करतो. सकाळी भीती ओसरते आणि तो शब्द फिरवू पाहतो. ऑप मात्र करार सोडायला तयार होत नाही.

ऑपच्या भूमिकेतला पहिला पेच या करारात आहे. जो माणूस सफाईचे पैसे देतो, घाण त्यानेच आणलेली आहे. त्याला न्याय नको, हातचे गेलेले गाव परत हवे आहे. ऑपला हे पक्के ठाऊक आहे आणि तरीही तो त्याच्याच पैशावर काम करतो. शिवाय त्याचा स्वतःचाही राग आहे: नूननच्या लोकांनी त्याला मारण्याचा प्रयत्न केलेला आहे. नोकरीचे कर्तव्य, सूड आणि गावाचे भले या तीन कारणांपैकी नेमके कोणते त्याला पुढे ढकलते, हे लेखक स्पष्ट करत नाही. तिन्ही एकाच दिशेने ओढत असल्यामुळे ऑपलाही ती वेगळी करता येत नाहीत.

ऑपची पद्धत अशी की टोळ्यांमध्ये फूट पाडायची आणि त्यांना एकमेकांकडून संपवायचे. या पद्धतीची पहिली किंमत एका मुष्टियोद्ध्याला मोजावी लागते. आइक बुश नावाच्या या खेळाडूने लढत ठरवून हरायची असते. फिलाडेल्फियातल्या एका जुन्या गुन्ह्यात तो पोलिसांना हवा असल्याचे ऑपला माहीत असते. ते उघड करण्याची धमकी देऊन तो त्याला प्रामाणिकपणे लढायला लावतो. बुश जिंकतो आणि त्याच क्षणी प्रेक्षकांतून आलेला सुरा त्याच्या मानेत घुसतो. ऑपने केले ते वरकरणी योग्यच होते: त्याने एक बनावट लढत खरी करून दाखवली. पण बाजी उलटल्यावर पैसे लावणारे गुंड काय करतील, याचा अंदाज त्याच्यासारख्या अनुभवी माणसाला नसणे शक्य नव्हते.

पुढे तो खोट्याबरोबर सत्याचाही शस्त्रासारखा वापर करतो. नूननच्या भावाच्या मृत्यूचा आळ तो आधी व्हिस्पर थेलर या जुगारअड्डेवाल्यावर येऊ देतो. खरा मारेकरी मॅकस्वेन हा माजी पोलीस असल्याचे त्याला समजते, तरी त्याला सोयीची वेळ येईपर्यंत ती गोष्ट तो बाहेर काढत नाही. रक्तपाताला विटलेला नूनन तह करू इच्छितो. एलिहूच्या घरी सगळ्यांची बैठक भरते आणि तिथे ऑप एकेक खरी गोष्ट अशा रीतीने मांडतो की तह होण्याऐवजी सगळे एकमेकांवर उलटतात. त्यानंतर थोड्याच वेळात नूनन मारला जातो. बैठकीत ऑपने कोणावरही हात उचललेला नाही, तिथे सांगितलेल्या गोष्टीही खऱ्याच होत्या. कायद्याच्या भाषेत त्याच्यावर ठेवायला आरोप सापडणे कठीण, पण या मृत्यूशी आपला संबंध नाही असे तो म्हणू शकत नाही.

तसे तो म्हणतही नाही. त्या रात्री डायनाच्या घरी बसून तो गावात आल्यापासून पडलेले मुडदे मोजतो आणि आपल्यालाही आता खुनाची चटक लागत चालली आहे, अशी कबुली देतो. याच संवादात कादंबरीतले सर्वांत महत्त्वाचे विधान आहे. एलिहूला हाताशी धरून कायद्याच्या मार्गानेही हे काम झाले असते, हे ऑप मान्य करतो. पण माणसे मरू देणे सोपे आणि खात्रीचे होते आणि आता त्यात समाधानही वाटू लागले आहे. या कबुलीमुळे ‘दुसरा इलाजच नव्हता’ ही नेहमीची सबब गळून पडते. वाईट मार्गावाचून गत्यंतर नसलेला नायक शोकांतिकेत शोभतो. इथे पर्याय होता आणि तो डोळसपणे नाकारला गेला.

याच रात्री तो अफूचा अर्क मिसळलेली जिन पितो. सकाळी जाग येते तेव्हा तो जमिनीवर पालथा पडलेला असतो, त्याच्या हातात बर्फ फोडायच्या टोच्याची मूठ असते आणि टोच्याचे पाते डायनाच्या छातीत रुतलेले असते. आपणच तिला मारले का, हे त्याला आठवत नाही. तो बोटांचे ठसे पुसतो आणि निघून जातो. इतरांचे पुरावे शोधणारा माणूस आता स्वतःविरुद्धचा पुरावा नष्ट करतो. त्याच्या मदतीला आलेला सहकारी डिक फोलीसुद्धा त्याच्यावर संशय घेतो, तेव्हा ऑप त्याला परत पाठवून देतो. वाचकाचीही इथे पंचाईत होते, कारण कथा सांगणारा ऑपच आहे आणि नेमक्या त्या घटकेची साक्ष त्याच्याजवळ नाही.

उलगडा होतो तो रेनो स्टार्की या मरणोन्मुख गुंडाच्या तोंडून. डायनाने आपल्याला सापळ्यात अडकवले असे वाटून त्याने तिच्यावर वार केला. नशेत धडपडत आलेला ऑप तिच्यासह कोसळला आणि त्याचा हात मुठीवर गेला. ऑप निर्दोष ठरतो, पण कशाच्या बळावर? दुसरा साक्षीदार नाही, ठसे त्याने स्वतःच पुसले आहेत आणि कबुली देणारा खुनी थोड्याच वेळात मरतो. तिथे खोटे बोलून रेनोला काही मिळणार नव्हते, म्हणून बहुतेक वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतात. हा विश्वासच आहे. न्यायालयात टिकेल असे यात काही नाही. आणि ही कबुली फक्त एका खुनापुरती आहे. ऑपने मोजलेल्या बाकीच्या मृत्यूंचे काय, हा प्रश्न तिने सुटत नाही.

गावाचा निकालही याच जातीचा आहे. टोळ्यांचे म्होरके एकमेकांच्या हातून संपतात. डायनाकडे असलेली एलिहूची जुनी पत्रे ऑपच्या हाती लागतात आणि त्यांच्या धाकाने तो एलिहूला गव्हर्नरकडून लष्करी अंमल मागायला लावतो. नॅशनल गार्डचे सैनिक येतात, शांतता होते. गाव मात्र पुन्हा एलिहूच्याच ताब्यात जाते आणि ते नव्याने बिघडायला मोकळे झाले आहे, हे ऑप त्याला तोंडावर सुनावतो. मग तो कंपनीला पाठवायचे अहवाल नियमांत बसतील असे रंगवतो. त्याच्या वरिष्ठाला ही लबाडी लगेच कळते आणि ऑपची चांगलीच खरडपट्टी निघते. वीसहून अधिक बळी गेलेल्या प्रकरणाबद्दल तपास करणाऱ्याला एवढीच शिक्षा होते.

या चित्रामागे लेखकाचा अनुभव होता. हॅमेट 1915 पासून, मधले खंड वगळता 1922 पर्यंत, पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. संपकऱ्यांविरुद्ध मालकांच्या बाजूने माणसे पुरवण्याबद्दल ही संस्था कुप्रसिद्ध होती. पर्सनव्हिलचा नमुना मोंटाना राज्यातले ब्यूट हे तांब्याच्या खाणींचे शहर मानले जाते. तिथे 1917 मध्ये फ्रँक लिटल या कामगार पुढाऱ्याला मुखवटे घातलेल्या माणसांनी रात्री खोलीतून ओढून नेऊन फाशी दिली. त्या खुनाबद्दल कधीही कोणाला शिक्षा झाली नाही.

पुढे 1944 मध्ये रेमंड चँडलर याने एका गाजलेल्या निबंधात खुनाला दिवाणखान्यातून रस्त्यावर आणल्याचे श्रेय हॅमेटला दिले. त्याच निबंधात त्याने असा नायक मागितला, जो बरबटलेल्या जगात वावरूनही स्वतः निष्कलंक राहतो. ऑप या कसोटीला उतरत नाही, आणि ‘रेड हार्वेस्ट’चे बळ नेमके त्यात आहे. चँडलरच्या नायकामुळे वाचकाला निदान एक तरी स्वच्छ माणूस भेटल्याचा दिलासा मिळतो. हॅमेट तेवढाही दिलासा देत नाही. त्याच्या कादंबरीत मुख्य खुनांचे कर्ते कळतात, पण त्या सगळ्यांची जबाबदारी एलिहू, टोळीवाले, पोलीस आणि ऑप यांच्यात कशी वाटायची, हे ठरवणे वाचकावर सोडलेले आहे.