पंक्चर झालं होतं

1 नोव्हेंबर 2007 च्या रात्री पुण्यातल्या एका बीपीओ कंपनीचा कर्मचारी कंपनीच्या कॅबची वाट पाहत होता. गाडी बऱ्याच उशिरा आली. उशीर का झाला, असं त्यानं विचारलं तेव्हा चालकानं सांगितलं की टायर पंक्चर झालं होतं. या कर्मचाऱ्याच्या आधी त्याच गाडीत बसलेली 22 वर्षांची सहकारी मात्र गाडीत नव्हती. चालकानं सोबत एका मित्राला घेतलं होतं आणि दोघांनी मिळून तिला गहुंजे परिसरात नेऊन तिच्यावर अत्याचार केला, तिचा खून केला. दोघांना झालेली फाशी सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये कायम केली. पुढे अंमलबजावणीला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयानं 2019 मध्ये ती 35 वर्षांच्या कारावासात बदलली.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर 2005 मध्ये, बंगळुरूतही असाच प्रकार झाला होता. रात्रपाळीला निघालेल्या कॉल सेंटरमधल्या तरुणीला न्यायला जो आला, तो तिला ठरलेला चालक नव्हताच. त्या कंपनीच्या तत्कालीन प्रमुखावर कर्नाटकच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली खटला दाखल झाला आणि तो रद्द करायला सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये नकार दिला. गाडी कंत्राटदाराची आहे, आमचा काय संबंध, असं म्हणून हात झटकणं तेव्हापासून कंपन्यांना अवघड झालं.

महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यानं हे आणखी स्पष्ट केलं. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनंच कामावर बोलावता येतं आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकानं करायची असते. ‘दारापर्यंत’ म्हणजे काय, हे ज्यांनी रात्री दोन वाजता कोंढव्यातल्या किंवा वाकडमधल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उतरून अंधारात दोनशे पावलं टाकली आहेत त्यांना नेमकं ठाऊक असतं. गाडी गल्लीत वळवायची तर बाहेर काढायला दहा मिनिटं जातात आणि चालकाला पुढची फेरी गाठायची असते. तो गल्लीच्या तोंडाशीच ॲपवर ‘ड्रॉप झाला’ असं दाबतो. कागदावर ती फेरी वेळेत पूर्ण झालेली असते!

कर्मचाऱ्यांच्या कॅबचं कंत्राट मोडतं, तेव्हा बातमीत ‘सुरक्षितता आणि वक्तशीरपणातील त्रुटी’ असं एकाच दमात छापलं जातं. कंपनीच्या दप्तरात मात्र या दोन गोष्टी वेगळ्या नांदतात. उशीर हा दंडाचा विषय, दरमहा बिलातून कापून घ्यायचा. सुरक्षितता हा काही घडलं तर उघडायच्या फायलीचा विषय. ही फारकतच चुकीची आहे, कारण बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच असतं.

उदाहरणादाखल हिंजवडीतली एक कंपनी कल्पनेनं उभी करू. ती कुठलीही एक खरी कंपनी नाही, पण तिच्यात जे घडतं ते या धंद्यात सर्रास घडतं. रोज 240 माणसांची ने-आण, एका गाडीत सरासरी तीन जण, म्हणजे 80 पिकअप आणि 80 ड्रॉप. करारात लिहिलंय की शंभरातल्या 95 फेऱ्या वेळेत हव्यात. तेवढ्यानंही रोज आठ फेऱ्या चुकायला मोकळीक मिळते. व्हेंडरचा मासिक अहवाल सांगतो, 96 टक्के. कर्मचारी सांगतात, रोज बोंब आहे. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. अहवालातली वेळ चालकानं ॲपवर ‘पोहोचलो’ दाबल्याची असते आणि ते बटण तो उड्डाणपुलाच्या अलीकडे, रांगेत अडकलेला असतानाच दाबतो. शिवाय ‘ट्रॅफिक’, ‘पाऊस’, ‘कर्मचारी खाली यायला उशीर’ अशा कारणांच्या फेऱ्या मोजणीतून आधीच वगळलेल्या असतात. खरा आकडा हवा असेल तर गाडीच्या जीपीएसची नोंद आणि गेटवर कर्मचाऱ्यानं कार्ड लावल्याची वेळ शेजारी शेजारी ठेवायची. आपल्या काल्पनिक कंपनीत हे केल्यावर आकडा 87 वर येतो. ट्रान्सपोर्ट मॅनेजर तिथेच थांबला तर दंड आकारून मोकळा होईल. तो उशिराच्या फेऱ्या चालकनिहाय लावून बघतो, तेव्हा खरी गोष्ट दिसायला लागते.

उशीर सगळ्या गाड्यांमध्ये सारखा वाटलेला नसतोच. साठातल्या दहा-बारा गाड्या पुन्हा पुन्हा येतात, त्याही पहाटेच्या पिकअपला. त्यांचा जीपीएस मागे नेऊन पाहिला की कळतं, ही गाडी रात्री दीडपर्यंत आपल्याकडे ड्रॉप करत होती, मग विमानतळाचं भाडं मारून आली आणि पाच वाजता पुन्हा आपल्या पिकअपला लागली. मोटार परिवहन कामगारांच्या 1961 च्या कायद्यानं दिवसाला आठ तासांचं काम ठरवलं होतं. हा चालक चौदा-सोळा तास स्टिअरिंगवर आहे. म्हणून गाडी उशिरा येते आणि म्हणूनच एक्स्प्रेस वेच्या जोडरस्त्यावर त्याचा डोळा लागू शकतो. एखाद्या दिवशी अंगात त्राणच उरत नाही, तेव्हा तो गाडीवर चुलतभावाला पाठवतो.

हा चुलतभाऊ सगळ्यात गंभीर प्रकार आहे. ट्रिप शीटवर नाव एकाचं, गाडी चालवतो दुसराच. त्याची पोलिस पडताळणी झालेली नसते, कधी व्यावसायिक वाहनाचा बॅजही नसतो. हे पकडायला फार हुशारी लागत नाही. कुणालाही न कळवता रात्री साडेदहाला गेटवर उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चालकाचा परवाना मागायचा आणि शीटवरच्या फोटोशी ताडून बघायचा. चाळीस गाड्यांत पाच चेहरे जुळले नाहीत तर तो व्हेंडर आपल्याच गाड्यांवर ताबा ठेवून नाही, एवढं नक्की. त्याच वेळी एस्कॉर्टही पाहून घ्यायचा. गाडीत पहिली बसणारी किंवा शेवटची उतरणारी महिला असेल तर गार्ड सोबत हवा, असा नियम बहुतेक कंपन्या पाळतात. गार्ड कमी पडले की डेस्कवरचा पोऱ्या कागदावर शेवटचा ड्रॉप एका पुरुष सहकाऱ्याचा दाखवतो. प्रत्यक्षात त्याचं घर वाटेत येतं, म्हणून तो आधीच उतरून जातो.

आता व्हेंडरची बाजू. साठ गाड्यांपैकी त्याच्या स्वतःच्या जेमतेम पंधरा, बाकीच्या ‘अटॅच’. म्हणजे कुणीतरी कर्ज काढून गाडी घेतली आणि त्याच्याकडे लावली. कंपनी बिल साठ दिवसांनी चुकतं करते, व्हेंडर पुढे महिनाभर ओढतो आणि गाडीमालकाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेतून कटतो. त्यात कंपनीच्या खरेदी विभागानं गेल्या नूतनीकरणात किलोमीटरमागचा दर घासून खाली आणलेला असतो. मग तो गाडीमालक विमानतळाचं भाडं मारणार नाही तर काय करणार? उशिराचा दंडसुद्धा व्हेंडर खाली, चालकाच्या गळ्यात घालतो. तो भरून काढायला चालक आणखी एक फेरी करतो. दंडानं उशीर कमी होण्याऐवजी वाढतो, हे आकडे समोर असूनही अनेक कंपन्यांना दिसत नाही.

तरीही वेळ येते. एस्कॉर्टशिवाय ड्रॉप, बदली चालक, खोटी नोंद असे प्रकार पुराव्यानिशी हाती आले की कंपनी आधी लेखी नोटीस देते, सुधारायला बहुधा पंधरा किंवा तीस दिवस. त्यानंतर करार संपवण्याची नोटीस. सुरक्षेच्या गंभीर भंगासाठी तत्काळ समाप्तीचं कलम असतं, पण ते वापरणं सोपं नाही. आज रात्री साठ गाड्या बंद केल्या तर उद्या पहाटेच्या पाळीला माणसं कशी आणायची? त्यामुळे आक्षेपार्ह चालक आणि गाड्या त्याच दिवशी बाहेर काढायच्या आणि उरलेल्या गाड्यांसाठी नोटिशीची मुदत चालू द्यायची, हाच रस्ता बहुतेक वेळा उरतो.

ही नोटिशीची मुदत सर्वात धोक्याची. कंत्राट जाणार अशी कुणकुण लागताच चांगले चालक आधी निघून जातात आणि दुसरीकडे गाडी लावतात. मागे उरतात ते ज्यांना कुणी घेत नाही. व्हेंडर बाहेरून जमेल त्या गाड्या भरतो, पडताळणीला कुणाला सवड नसते. शहाण्या कंपन्या म्हणूनच नवा व्हेंडर आधी ठरवून ठेवतात आणि बदल एका रात्रीत करत नाहीत. आधी रात्रीचे मार्ग, त्यातही महिलांचे, नव्याकडे द्यायचे, दिवसाचे मागून.

इथे एक मेख आहे. पुण्यात या कामाच्या गाड्या आणि चालक काही अमर्याद नाहीत. जुन्या व्हेंडरचा माणूस पुढच्या सोमवारी नव्या व्हेंडरच्या स्टिकरची काच लावून त्याच गेटवर हजर होतो. अनेकदा ते बरंच असतं, रस्ते त्याला पाठ असतात. पण ज्याला काढून टाकलं तोही असाच परत येतो. म्हणून काळी यादी व्हेंडरच्या नावानं ठेवून भागत नाही, ती परवाना क्रमांकानं ठेवावी लागते आणि गाडी क्रमांकाचीही वेगळी. नव्या व्हेंडरनं दिलेली प्रत्येक यादी आधी तिच्यावरून फिरवायची.

दुसरी गोष्ट सहसा राहून जाते, ती म्हणजे माहिती. सहा-सात महिने एका मार्गावर चालवलेल्या चालकाला कोण कुठे राहतं, कोण किती वाजता एकटी निघते, कोणाचा फोन नंबर काय, हे सगळं माहीत असतं. नंबर झाकणारं कॉलिंग नसेल तर ते त्याच्या मोबाइलमध्ये साठलेलंही असतं. करार संपला म्हणून ते पुसलं जात नाही. कंपनीच्या हातात एवढंच उरतं: ॲपमधली खाती बंद करणं, गेटपास आणि स्टिकर मोजून परत घेणं आणि कर्मचाऱ्यांना स्पष्ट कळवणं की अमुक तारखेनंतर जुन्या चालकाचा फोन आला, ‘मॅडम, गाडी खाली लावलीय’ म्हणाला, तरी बसायचं नाही, आधी डेस्कला विचारायचं. पहिले पंधरा दिवस गाडीचा क्रमांक, चालकाचा फोटो आणि बसण्यापूर्वी सांगायचा ओटीपी हे तिन्ही जुळल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा नियम काही ठिकाणी लावतात. लोक कुरकुरतात, गाड्या पाच मिनिटं उशिरा सुटतात. या उशिरापोटी दंड आकारू नये हे उत्तम.

मग हिशेब. शेवटच्या दोन महिन्यांची बिलं ट्रिप शीट आणि जीपीएस ताडून तपासली जातात, दंड वजा होतो, अनामत अडकते, वकिलांची पत्रं फिरतात. या काळात अटॅच गाड्यांचे मालक व्हेंडरच्या दारात बसून असतात आणि व्हेंडर कंपनीकडे बोट दाखवतो. नव्या करारात म्हणूनच काही व्यवस्थापक दोन कलमं आग्रहानं घालून घेतात: बिल तीस दिवसांत चुकतं करायचं, आणि आधीच्या महिन्याचे पैसे गाडीमालकांना दिल्याचा बँकेचा पुरावा जोडल्याशिवाय पुढचं बिल स्वीकारायचं नाही. खरेदी विभागाला पहिलं कलम आवडत नाही, व्हेंडरला दुसरं.