साडेसहा ते आठ, पुण्याच्या घड्याळाने

पुण्यात बसून न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या माणसाची संध्याकाळ नेमकी कधी संपते, हे त्याच्या घरच्यांना सहसा सांगता येत नाही. सहा वाजता लॅपटॉप मिटतो, आठला पुन्हा उघडतो, जेवताना फोन किणकिणतो आणि साडेदहाला ‘पाचच मिनिटं’ म्हणून सुरू झालेला कॉल सव्वाअकरापर्यंत लांबतो. यात कुणी सक्ती केलेली नसते. एकमेकांना कधी गाठायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून केव्हाही गाठलं जातं. वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या टीमने रोजचा ठरावीक सामाईक वेळ, म्हणजे आयटीवाल्यांच्या भाषेत ‘ओव्हरलॅप’, लिहून पक्का करावा असं मला वाटतं, ते प्रामुख्याने यासाठी. तो प्रस्ताव कसा मांडायचा, हे एक नमुना घेऊन पाहू.

समजा, अकरा जणांची टीम आहे. पाच जण पुण्यात, तिघे बर्लिनमध्ये, तिघे न्यूयॉर्कमध्ये. सगळे घरून काम करतात आणि ऑनलाइन विक्रीची एक प्रणाली सांभाळतात. उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता पुण्यातल्या टेस्टरला प्रश्न पडतो: ऑर्डर रद्द झाली तर ग्राहकाला पैसे परत देताना त्यावरचा करही परत द्यायचा का? उत्तर न्यूयॉर्कच्या प्रॉडक्ट मॅनेजरकडे आहे. तिथे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. ती चॅटवर प्रश्न लिहून ठेवते आणि सहाला काम थांबवते. न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊला, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला, मॅनेजर उलट विचारतो, ‘माल पाठवण्याआधी रद्द झाली, की नंतर?’ हा प्रश्न तिला दिसतो बुधवारी सकाळी. ती लगेच उत्तर देते, पण पलीकडे पुन्हा मध्यरात्र असते. अंतिम उत्तर हाती पडतं गुरुवारी सकाळी. दहा मिनिटांच्या बोलण्याला दोन दिवस लागले, आणि तोवर तिने एक अंदाज धरून पुढचं काम केलं असेल, तर तेही कदाचित पुसावं लागेल.

एका फेरीत संपणारा प्रश्न लिहून विचारलेला उत्तम. त्यासाठी कुणी कुणाची वाट पाहत बसायला नको. दोन-तीन वेळा इकडून तिकडे गेल्याशिवाय सुटत नाही, अशा प्रश्नासाठीच सामाईक वेळ लागतो. प्रस्तावात कारण म्हणून ‘संवाद वाढेल’ असं मोघम लिहिण्यापेक्षा गेल्या महिनाभरातले असे चार-पाच अडकलेले प्रश्न तारखांसकट मांडावेत. ते वाचल्यावर फारसं पटवून द्यावं लागत नाही.

आता वेळेचा हिशेब. तिन्ही शहरांत नऊ ते सहा काम धरलं, तर पुणे आणि बर्लिन यांना दुपारभर सामाईक वेळ मिळतो. बर्लिन आणि न्यूयॉर्क यांनाही तीन तास मिळतात. पुणे आणि न्यूयॉर्क यांना मात्र एक मिनिटही मिळत नाही, कारण उन्हाळ्यात दोघांत साडेनऊ तासांचं अंतर असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. कुणीतरी सरकल्याशिवाय गाठ पडणार नाही. पुण्याने थोडं उशिरा सुरू करून उशिरा थांबायचं ठरवलं, तर संध्याकाळी साडेसहा ते आठ ही जागा सापडते. त्या वेळी उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊ ते साडेदहा असतात आणि बर्लिनमध्ये दुपारी तीन ते साडेचार.

खरी मेख पुढे आहे. भारतात घड्याळ बारा महिने एकच असतं. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. म्हणजे वर्षातून चार वेळा तिघांमधली अंतरं बदलतात. 2026 मध्ये 8 मार्चला अमेरिका सरकते आणि 29 मार्चला युरोप. मधले तीन आठवडे बर्लिन आणि न्यूयॉर्क यांच्यात नेहमीच्या सहाऐवजी पाचच तासांचा फरक असतो. ज्यांनी हा प्रकार गृहीत धरलेला नसतो, त्यांच्याकडे त्या आठवड्यांत निम्मे लोक एक तास आधी येऊन बसतात.

म्हणून वेळ कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधायची, हे प्रस्तावात स्पष्ट लिहावं लागतं. बऱ्याच ठिकाणी हे कुणी ठरवतच नाही. मुख्य ऑफिसमधला कुणीतरी कॅलेंडरमध्ये दर दिवसाची मीटिंग टाकतो आणि ती आपोआप त्याच्या शहराला बांधली जाते. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ धरले, तर नोव्हेंबर उजाडताच पुण्याचे साडेसहा ते आठ हे साडेसात ते नऊ होतात. आठचं जेवण नऊच्या पुढे जातं आणि कारण विचारलं तर ‘तिकडचं घड्याळ बदललं’ एवढंच उत्तर असतं. त्याउलट पुण्याचे साडेसहा कायम धरले, तर हिवाळ्यात न्यूयॉर्कला आठ वाजता हजर राहावं लागतं आणि बर्लिनला दुपारी दोन वाजता. सकाळच्या आठलाही अडचण असते. मुलांना शाळेत सोडायची वेळ ती. पण तिथे दिवस सुरू होत असतो आणि पुण्यात तो संपत आलेला असतो. जे आधीच दिवसाच्या कडेला उभे आहेत, त्यांना आणखी ढकलू नये, या न्यायाने मी पुण्याच्या घड्याळाच्या बाजूने आहे. निमंत्रण तयार करताना टाइम झोनच्या रकान्यात `Asia/Kolkata` निवडलं की एवढं काम भागतं. मग पुण्याची वेळ हलत नाही आणि बाकीच्यांच्या कॅलेंडरवर ती आपोआप योग्य जागी सरकते.

हा दीड तास कशासाठी आहे, हेही लिहायला हवं. नाहीतर पंधरा दिवसांत तो मीटिंगांनी भरून जातो. कुणी काय केलं याचे अहवाल तिथे वाचले जाऊ लागले, तर करासारखा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. माझ्या मते ठरलेली मीटिंग आठवड्यातून फक्त दोनदा, तीही अर्ध्या तासाची असावी. बाकी वेळ मोकळा ठेवायचा. हजर असणं म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसून राहणं नव्हे. कुणी हाक मारली तर दहा मिनिटांत उत्तर द्यायचं आणि गरज पडली तर बोलायला तयार असायचं, एवढाच त्याचा अर्थ. ही व्याख्या पुण्यातल्या लोकांसाठी फार मोलाची आहे, कारण साडेसहा ते आठ ही घरात सगळ्यांना सगळ्यांची गरज असण्याची वेळ असते.

लवचिकतेचे नियम मूळ नियमाइतक्याच ठसठशीत शब्दांत असावेत. ‘अडचण असेल तर सांगा’ एवढंच लिहिलं, तर ज्यांना संकोच वाटतो ते कधीच सांगत नाहीत आणि सवलत धीट माणसांनाच मिळते. प्रस्तावातला मजकूर साधारण असा असू शकतो:

“सामाईक वेळ सोमवार ते गुरुवार, पुण्याच्या वेळेने संध्याकाळी 6.30 ते 8. शुक्रवारी नाही. या चार दिवसांत पुण्यातल्यांनी सकाळी अकरापूर्वी ऑनलाइन असण्याची अपेक्षा नाही. आठवड्यातला कोणताही एक दिवस कारण न देता सोडता येईल. आदल्या दिवशी कॅलेंडरवर तशी खूण करावी. मात्र प्रत्येक शहरातला, निर्णय घेऊ शकणारा किमान एक जण हजर असावा. कायमची घरगुती जबाबदारी असल्यास फक्त पहिली किंवा शेवटची 45 मिनिटं निवडता येतील. ज्या शहरात सुट्टी, तिथल्यांना त्या दिवशी माफी, आणि तो वेळ नंतर भरून द्यायचा नाही. इथे झालेला निर्णय त्याच दिवशी लिहून ठेवावा. गैरहजर असलेल्यांना हरकत घ्यायला 24 तास मिळतील. या वेळेबाहेर आलेल्या संदेशाला आपापल्या दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं तरी चालेल.”

शुक्रवार सोडण्यामागे साधा विचार आहे. पुण्यातला आठवडा संपत असताना न्यूयॉर्कचा शुक्रवार नुकता सुरू झालेला असतो. तेव्हा हाती आलेलं नवं काम एकतर शनिवारच्या सुट्टीत शिरतं, नाहीतर सोमवारपर्यंत नुसतं पडून राहतं. सकाळी अकराची ओळही वगळू नये. संध्याकाळ लांबवून सकाळ होती तशीच ठेवली, तर कामाचे तासच वाढतात. काम थांबवल्यापासून पुन्हा सुरू करेपर्यंत किमान अकरा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा युरोपीय संघाचा नियम आहे. बर्लिनच्या सहकाऱ्यांना तो परिचित असतो. पूर्ण टीमलाच लावला, तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तर कोण उठणार, याची पाळी आणि मोबदला मात्र वेगळा ठरवावा. ते ओझं सामाईक वेळेच्या नियमात लपवू नये.

बिघाड कुठून सुरू होतो, तेही ठाऊक असावं. आठला संपणारी वेळ आधी सव्वाआठ होते, मग साडेआठ. एक दिवस सोडायची मुभा न्यूयॉर्कचे लोक सहज वापरतात आणि पुण्याचे कधीच वापरत नाहीत. निर्णय लिहायचे राहून जातात आणि गैरहजर माणसाला दुसऱ्या दिवशी इकडून तिकडून कानावर येतं. म्हणून नियम आधी आठ आठवड्यांपुरता लावावा आणि तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: एका दिवसापेक्षा जास्त अडकलेले प्रश्न किती, पुण्यात रात्री आठनंतर झालेले कॉल किती आणि कोणत्या शहरातल्या लोकांनी सवलत किती वेळा घेतली. अडकलेले प्रश्न कमी झाले पण आठनंतरचे कॉल तेवढेच राहिले, तर पुण्यातल्यांनी संध्याकाळ देऊनही रात्र परत मिळवलेली नाही. मग आठनंतरच्या कॉलची मुळात निमंत्रणं कोण पाठवतं ते पाहून त्या माणसाशी बोलावं लागतं.

हा नमुना सगळ्यांना लागू पडत नाही. न्यूयॉर्कऐवजी सॅन फ्रान्सिस्को असेल, तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथे रोजची सामाईक वेळ ठरवणं म्हणजे कुणाची तरी रात्र कायमची लिहून घेणं. अशा टीमने आठवड्यातून एकच बैठक ठेवावी. एका आठवड्यात पुण्याने रात्री जागावं, पुढच्या आठवड्यात कॅलिफोर्नियाने संध्याकाळी उशिरा बसावं, आणि उरलेल्या दिवसांसाठी बर्लिनने दुवा व्हावं: दुपारी पुण्याशी बोलून घ्यायचं आणि संध्याकाळी तेच कॅलिफोर्नियापुढे मांडायचं. यात बर्लिनच्या माणसांचं काम वाढतं. तेव्हा त्यांच्या वाट्याची बाकीची कामं तेवढ्या प्रमाणात कमी करावीत, हे त्याच प्रस्तावात लिहायचं.