न घडलेल्या चुकीची नोंद
वीजबिल भरायचं ॲप. नेटवर्क मंद, चक्र नुसतंच फिरतंय. माणूस वैतागून ‘भरा’ पुन्हा दाबतो आणि ८४० रुपये दोनदा कापले जातात. टेस्टरने हे ॲप लोकांच्या हाती जाण्याआधीच पकडलं. मग प्रोग्रामरने त्या व्यवहाराला एक क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर पैसे कापत नाही. ग्राहकाला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून टेस्टरचा सारांश नीट लिहिलेला हवा. ‘३०० चाचण्या पास’ यावरून मला तरी काही कळत नाही. काय केल्यावर काय बिघडत होतं, कुणाचे पैसे अडकले असते, दुरुस्तीनंतर तेच पुन्हा करून काय दिसलं, हे त्यात यावं. आणि राहिलेलंही: पैसे कापले जाताना फोनच बंद पडला तर काय होतं, हे अजून तपासलेलं नाही.