टिकली लावलेली मुलगी आणि गुरुवारचा कार्यक्रम

लंडनमध्ये वाढलेल्या एखाद्या मराठी घरातल्या बाईंना एवढंच आठवतं : आपण शाळेत होतो, टीव्हीवर टिकली लावलेली, भारतीय पोशाखातली मोकळ्या केसांची मुलगी इंग्रजीत गात होती, सोबत सतार होती. गायिकेचं नाव, गाणं, साल यातलं काहीच हाताशी नाही.

अशा वेळी सगळे आधी पोशाखाला धरतात, पण त्यावरून साल कळत नाही. त्याआधी कार्यक्रमाचं रूप विचारावं. समोर परीक्षक बसले होते का? तर ती स्पर्धा. प्रेक्षक गायिकेभोवती उभ्याने नाचत होते, आणि मधूनमधून त्या आठवड्याच्या गाण्यांचे क्रमांक सांगितले जात होते? मग तो बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’. 1964 ते 2006 एवढा मोठा काळ चाललेला.

इथे रेडिओ टाइम्सचे जुने अंक चाळायचा मोह होतो. ते बीबीसीच्या ‘जिनोम’ या संकेतस्थळावर शोधता येतात. पण त्या काळी नवी क्रमवारी मंगळवारी जाहीर व्हायची, बुधवारी चित्रीकरण आणि गुरुवारी प्रक्षेपण. अंक त्याआधीच छापून झालेला, त्यामुळे त्यात बहुधा निवेदकाचंच नाव सापडतं, गायकांची नाही. मात्र हीच घाई आपल्या उपयोगी पडते. कार्यक्रमात बोलावणं मुख्यतः क्रमवारीत असलेल्यांनाच यायचं, म्हणून शोध तिथेच घ्यायचा. बाईंच्या शाळेच्या वर्षांतल्या याद्या उघडल्या, की 1982मध्ये 12व्या क्रमांकापर्यंत चढलेलं ‘एव्हर सो लोनली’ दिसतं.

तरीही नजर त्यावरून सहज निसटेल, कारण यादीत बाईचं नावच नाही. तिथे आहे ‘मॉन्सून’, म्हणजे बँडचं नाव. गाणारी होती शीला चंद्रा, तेव्हा अवघी 17 वर्षांची. शिवाय त्याआधी ती ‘ग्रेंज हिल’ या शाळेवरच्या मालिकेत दिसली होती. त्यामुळे काहींच्या डोक्यात मालिकेतला चेहरा आणि गाण्याचा पोशाख एकत्र मिसळलेला असू शकतो.

म्हणूनच चित्रफीत लावण्याआधी आठवणीतले तपशील कागदावर लिहून काढावेत, असं मी आग्रहाने सांगेन : वाद्यं कोणती, केस कसे, पाठीमागे कोण उभं होतं. एकदा चित्र पाहिलं की ‘हो, हेच’ वाटायला लागतं आणि मूळ आठवण त्याच्याखाली पुसली जाते. केवळ टिकली जुळली तर ओळख पटली असं मानू नये. सतार आणि इंग्रजी शब्दही त्याच गाण्यात हवेत.

आणखी एक अडचण आहे. 2011पासून बीबीसी फोरने या कार्यक्रमाचे 1976पासूनचे जुने भाग पुन्हा दाखवायला सुरुवात केली, म्हणजे आठवण बालपणाची नसून पुनःप्रक्षेपणाचीही असू शकते. उलट, त्याआधीच्या वर्षांतल्या कित्येक भागांच्या टेप पुसल्या गेल्या. आठवण तेवढी जुनी असेल, तर क्रमवारीत नाव सापडूनही ते चित्र पुन्हा पाहायला मिळेलच असं नाही.