एटीएममधून काढलेले दहा हजार

क्रेडिट कार्डावर किराणा, कपडे घेतले आणि आलेलं बिल मुदतीत पूर्ण भरलं, तर व्याज लागत नाही. त्याच कार्डानं एटीएममधून रोख काढली, की ही सवलत त्या रकमेला मिळत नाही. व्याज पैसे काढले त्या दिवसापासूनच धावू लागतं.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, कार्डावर दुसरी कोणतीही बाकी नाही आणि 4 जूनला 10,000 रुपये काढले. बऱ्याच कार्डांवर रोख काढण्याचं शुल्क अडीच टक्के, पण किमान 500 रुपये असतं. इथे अडीच टक्के म्हणजे 250 होतात, तरी 500च लागतील. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 90. नोटा हातात पडताच 590 रुपये गेले.

व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. ऐकायला ते किरकोळ वाटतं, पण वर्षाचा दर 42 टक्के होतो. दहा हजारांवर रोज साधारण साडेअकरा रुपये. शुल्कावरचं व्याज सोपेपणासाठी सोडून देऊ. 20 जूनला बिल निघालं, तोवर सोळा दिवसांचं व्याज जीएसटीसह 217 रुपये झालं. बिल 10,807 रुपयांचं. ते शेवटच्या तारखेला, 10 जुलैला, पूर्ण भरलं.

तरी पुढच्या बिलात 271 रुपये दिसतात, आणि इथेच लोक चिडून ग्राहकसेवेला फोन लावतात. चूक मात्र बँकेची नसते. बिलातलं व्याज 20 जूनपर्यंतचंच होतं. मूळ दहा हजार त्यानंतरही वीस दिवस बाकी होते. एकूण खर्च 1,078 रुपये, छत्तीस दिवसांच्या उधारीसाठी.

म्हणून बिलाची वाट पाहू नये. हीच रक्कम 7 जूनला ॲपमधून परत भरली असती, तर व्याज जीएसटीसह 41 रुपयांवर थांबलं असतं. 590 रुपये मात्र सुटत नाहीत. त्यामुळे 2,000 काढून दोन दिवसांत फेडले, तरी ते पैसे महागच पडतात. दुकानदार कार्ड घेत असेल, तर थेट कार्ड द्यावं आणि खिशातली रोख रिक्षासाठी ठेवावी.

कार्डावर खरेदीचीही बाकी असेल, तर आणखी एक मेख आहे. काही बँकांच्या अटींमध्ये भरलेला पैसा आधी कर, शुल्क आणि व्याजाकडे, मग खरेदीकडे आणि सगळ्यात शेवटी रोख रकमेकडे वळवला जातो. अर्धवट भरणा केला, तर सगळ्यात महाग बाकी तशीच राहते. हा क्रम कार्डासोबत आलेल्या अटींच्या पत्रकात छापलेला असतो. रोख काढायचीच वेळ आली, तर आधी तो वाचावा आणि कार्डावरची सगळीच बाकी एकदम फेडता येईल का, ते पाहावं.