नोकऱ्या वाढल्या की घटल्या?

अमेरिकेच्या १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचं एक छोटं कोष्टक संख्याशास्त्राच्या वर्गांत आजही सोडवायला देतात. रिग्रेशनचे संगणकी प्रोग्रॅम किती अचूक आकडेमोड करतात, हे तपासायला जेम्स लाँगले यांनी ते १९६७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात दर वर्षी किती लोक कामावर होते ते आहे, आणि त्याचा अंदाज बांधायला सहा गोष्टी: राष्ट्रीय उत्पन्न, महागाईचा निर्देशांक, बेरोजगार, सैन्यबळ, लोकसंख्या आणि खुद्द साल.

आधी एकट्या राष्ट्रीय उत्पन्नावरून रोजगाराचा अंदाज बांधू. उत्पन्न दहा लाख डॉलरनं वाढलं की सुमारे ३५ नोकऱ्या वाढतात, असं उत्तर येतं. पटण्यासारखं आहे. आता उरलेल्या पाचही गोष्टी समीकरणात घाला. उत्पन्नाचा गुणक उणे होतो: दहा लाख डॉलरमागे ३६ नोकऱ्या कमी! आकडे तेच, देश तोच.

गोम गुणकाच्या अर्थात आहे. ‘बाकी सगळं तसंच ठेवून उत्पन्न वाढलं तर’ काय होईल, हे तो सांगतो. पण या सोळा वर्षांत बाकीचं तसंच कधी राहिलं? साल पुढे सरकलं की लोकसंख्या वाढली, महागाई वाढली, उत्पन्नही वाढलं. सगळे एका माळेचे मणी. कोणाच्या ओढीनं माळ हलली, हे आकड्यांवरून सांगता येत नाही. याला म्हणतात मल्टिकोलिनिअ‍ॅरिटी.

ती मोजायची रीत सोपी आहे. रोजगार बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या पाच गोष्टींवरून उत्पन्नाचाच अंदाज बांधायचा. तो किती जुळला हे सांगणारा R² घेऊन 1/(1−R²) काढायचं. हाच व्हेरियन्स इन्फ्लेशन फॅक्टर, म्हणजे व्हीआयएफ. इथे R² ०.९९९४ च्या वर जातो आणि व्हीआयएफ येतो सुमारे १७८८. सालाचा ७५९, लोकसंख्येचा ३९९. सैन्यबळाचा मात्र जेमतेम ३.६, कारण सैन्य कोरियाच्या युद्धामुळे आपल्याच चालीनं वाढलं-घटलं. दहाच्या वर गेला की सावध व्हावं असा संकेत आहे. तो निव्वळ अंगठेबाज नियम आहे, पण १७८८ पुढे त्यावर वाद घालायचं कारण नाही.

१७८८ चं वर्गमूळ सुमारे ४२. उत्पन्नाचा इतरांशी काहीच संबंध नसता तर त्याच्या गुणकात जी अनिश्चितता राहिली असती, तिच्या ४२ पट आता आहे. म्हणून त्या ‘३६ कमी’ची ९५ टक्क्यांची कक्षा साधारण ११२ नोकऱ्या कमी ते ४० जास्त इतकी पसरते. शून्यही त्यातच. तेव्हा उणे चिन्ह पाहून अर्थशास्त्र उलटं झालं असं मानायचं नाही, आणि उत्पन्नाचा रोजगाराशी संबंधच नाही असंही नाही.

गंमत म्हणजे एवढं होऊनही सगळ्या गोष्टी मिळून रोजगारातला ९९.५ टक्के चढउतार पकडतात. माळ अशीच एकत्र हलत राहील तोवर अंदाजाला धक्का नाही. श्रेय वाटायला बसलं की भांडण. त्यातली कोणती गोष्ट वगळावी, हे व्हीआयएफ सांगत नाही. त्यानं तर रोजगाराच्या रकान्याकडे पाहिलेलंही नसतं.